ऑन-कॉलच्या आठवड्याआधी झोप साठवून ठेवता येते का?

मेघना_क (बुधवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी पुण्यात एका पेमेंट प्रणालीच्या सपोर्ट टीममध्ये काम करते. आम्ही सहा जण आहोत, त्यामुळे दर सहाव्या आठवड्याला ऑन-कॉल माझ्याकडे येतो. सोमवारी सकाळी ९ ला सुरू होतो आणि पुढच्या सोमवारी ९ ला संपतो. रात्री सरासरी दोन अलर्ट येतात. एखादी रात्र शांत जाते, एखाद्या रात्री चार वेळा उठावं लागतं. दिवसाचं नेहमीचं काम चालूच असतं.

मागच्या खेपेला गुरुवारी रात्री तीनच्या सुमारास फोन वाजला. मी अलर्ट वाचला, लॅपटॉप उघडला आणि भलताच सर्व्हर रीस्टार्ट केला. नशिबाने तो राखीव होता, कुणाचे पैसे अडकले नाहीत. पण सकाळी लॉग पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. नाव अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं.

टीममधला एक मुलगा म्हणाला, "आधीच्या आठवड्यात भरपूर झोपून घे, मग जागरण जड जात नाही." हे खरं आहे का? असेल तर किती दिवस आधी सुरू करायचं आणि रोज किती जास्त झोपायचं? माझी नेहमीची वेळ पावणेबारा ते सव्वासहा आहे. मुलाची स्कूल बस ७.१० ला येते, त्यामुळे सकाळी उशिरा उठायची सोय नाही. पुढचा ऑन-कॉल बरोबर बारा दिवसांनी आहे.

सह्याद्रीकर (बुधवार, रात्री १०.१५)

एवढा विचार करू नका. रविवारी दुपारपर्यंत मस्त ताणून द्यायची. मी रात्रपाळीच्या आठवड्याआधी एक दिवस दहा-बारा तास झोपतो आणि टाकी फुल्ल होते. गेली आठ वर्षं हेच करतोय.

अरुणाताई (बुधवार, रात्री १०.३२)

झोप येत नसेल तर कोमट दुधात जायफळ उगाळून घे गं. चिमूटभरच घे, जास्त नको. माझ्या सासूबाई द्यायच्या, हमखास झोप लागते.

मेघना_क (बुधवार, रात्री १०.४०)

धन्यवाद अरुणाताई, पण मला झोप लागत नाही असं नाही. उलट पाठ टेकली की लागते. पुढे जागरण आहे हे आधीपासून माहीत असताना काय करता येईल, एवढंच विचारतेय.

भूलतज्ज्ञ (गुरुवार, सकाळी ६.५०)

मेघना, तुमच्या टीममधला मुलगा बरोबर सांगतोय. मी भूल देणारा डॉक्टर आहे. पंचवीस वर्षं इमर्जन्सीच्या रात्री केल्या आणि यातलं बरंच उशिरा शिकलो.

यावरचा सर्वांत सरळ प्रयोग अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ निरोगी माणसं घेतली. अर्ध्यांना आठवडाभर रोज रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. बाकीचे नेहमीसारखे झोपले, म्हणजे साधारण सात तास. मग सगळ्यांना सलग सात रात्री फक्त तीन तास झोपू दिलं. रोज एक कंटाळवाणी चाचणी व्हायची. पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं, बस. ज्याला उत्तर द्यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला, त्याचं लक्ष त्या क्षणी उडालं असं धरायचं.

दोन्ही गट घसरले, हे नीट लक्षात घ्या. पण आधी जास्त झोपलेल्यांचं लक्ष कमी वेळा उडालं. नंतर पाच रात्री आठ-आठ तास झोपायला दिले तेव्हा ते लवकर सावरलेही. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपण ऑन-कॉलचा आठवडा कसाबसा काढतो आणि त्याच्या पुढचा आठवडा वाया घालवतो.

आता तुमच्या घराचा हिशेब. तुम्ही रोज साडेसहा तास अंथरुणात असता, म्हणजे प्रत्यक्ष झोप सहाच्या आसपास असणार. ती बहुतेक प्रौढांना अपुरी पडते. तुमची सुरुवातच तुटीतून होतेय, त्यामुळे तुम्हाला याचा फायदा इतरांपेक्षा जास्त जाणवेल. येत्या सोमवारी सुरू करा, सात रात्री मिळतील.

सह्याद्रीकरांच्या सल्ल्यात जास्त झोपायचं हे बरोबर आहे, वेळ चुकीची आहे. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपलात तर रात्री अकराला झोप येणारच नाही. दीड वाजेल, सव्वासहाला उठावं लागेल आणि ऑन-कॉलचा पहिलाच दिवस पावणेपाच तासांवर सुरू होईल. एका रात्रीत भरता येण्याजोगी ही टाकी नाही.

सह्याद्रीकर (गुरुवार, सकाळी ९.०५)

डॉक्टर, माझी रात्रपाळी आहे, म्हणून रविवारी रात्री मला झोपायचंच नसतं. तिथे उशिरापर्यंत झोपणं उपयोगी पडत असेल ना?

भूलतज्ज्ञ (गुरुवार, सकाळी ९.२०)

हो, तुमच्या बाबतीत खरं आहे. त्या रात्री जागंच राहायचं असेल तर शरीराचं घड्याळ थोडं पुढे सरकलेलं बरंच. मेघनाला मात्र सोमवारी सकाळी ९ ला दिवसाच्या कामावर हजर व्हायचंय. तुमचा उपाय तिच्या वेळापत्रकात बसत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

मेघना_क (गुरुवार, दुपारी १.१५)

डॉक्टर, खूप आभार. मग येत्या सोमवारपासून रोज नऊला आडवी होऊ का? मुलगा तसाही साडेनऊला झोपतो.

भूलतज्ज्ञ (गुरुवार, रात्री ८.३०)

नऊला नको. इथेच बहुतेक जण फसतात आणि दोन रात्रींत नाद सोडतात. आपण रोज ज्या वेळी झोपतो, त्याच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. दिवसभराचा थकवा साचत असतो, तरी घड्याळ तेवढ्याच जोराने जागं ठेवत असतं. तुमच्यासाठी ती वेळ साधारण नऊ ते अकरा-सव्वाअकरा. त्यात पडून राहिलात तर छताकडे बघत बसाल.

म्हणून झोपायची वेळ थोडी थोडी अलीकडे आणायची. पहिल्या रात्री सव्वाअकरा, मग रोज पंधरा मिनिटं लवकर, सव्वादहापर्यंत. त्याहून अलीकडे जाऊ नका. संध्याकाळी घरातले दिवे मंद ठेवा आणि दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कपाचा अर्धा भाग अकरालाही आत असतो.

खरी सोय सकाळच्या टोकाला आहे. आपलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून लवकर झोपण्यापेक्षा थोडं उशिरा उठणं सोपं जातं. डबा आणि बस हे काम आठवडाभर घरात दुसऱ्या कुणाला घेता येईल का? तुम्ही सातला उठलात तर पहिल्या दिवसापासून पाऊण तास हाती लागतो. सातच्या पुढे जाऊ नका, शनिवार-रविवारीही नाही. आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत उजेडात उभ्या राहा, म्हणजे रात्रीची झोप लवकर येईल.

निशिगंध (शुक्रवार, रात्री १.५०)

मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते. थीसिस जमा करायच्या आधी मीही असंच कुठेसं वाचून दहा दिवस साडेनऊला झोपायला जात होते. रोज तीन-तीन तास टक्क जागी. शेवटी अंथरुण दिसलं तरी छाती धडधडायची. जेवढी झोप आधी येत होती तीही गेली. हे सगळ्यांना चालतं असं सांगू नका.

भूलतज्ज्ञ (शुक्रवार, सकाळी ७.१०)

निशिगंध, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. ज्यांना निद्रानाशाचा त्रास आहे, म्हणजे अर्धा-पाऊण तास पडूनही झोप लागत नाही किंवा मध्यरात्री जाग आली की परत लागत नाही आणि हे महिनोन् महिने चाललंय, त्यांनी हा प्रकार करू नये. त्यांच्या उपचारात अंथरुणातला वेळ कमी करतात. जागेपणी पडून राहिल्याने मेंदू अंथरुणाची सांगड जागेपणाशी घालतो, आणि ती सांगड आधी तोडावी लागते. तुम्ही नकळत उलटं केलंत. आत्ताही रात्री दोनच्या सुमारास जाग्या होतात, तर झोपेच्या विकारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना जरूर भेटा.

मेघना लिहितात की पाठ टेकली की झोप लागते. म्हणून त्यांना हे सुचवलं.

अभय_द (शुक्रवार, सकाळी १०.००)

डॉक्टरांच्या सल्ल्याला हरकत नाही, पण शब्दाला आहे. 'साठवणं' म्हटलं की लोकांना वाटतं झोप मुदत ठेवीसारखी ठेवता येते. माझ्या मते ही फक्त थकलेल्या कर्जाची फेड आहे. त्या प्रयोगातला सात तासांचा गट आधीच तुटीत असणार. दुसऱ्यांना दहा तास दिले, त्यांची थकबाकी फिटली आणि ते पुढे गेले. ज्याची थकबाकीच नाही त्याने काय साठवायचं? पोट भरल्यावर आणखी जेवून उद्याची भूक मरत नाही.

भूलतज्ज्ञ (शुक्रवार, दुपारी २.४५)

तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि या क्षेत्रातले बरेच जण तुमच्याच बाजूचे आहेत. आपली झोप पुरते असं मानणाऱ्या लोकांना प्रयोगशाळेत झोपायला भरपूर वेळ दिला, तर पहिले काही दिवस ते पुष्कळ जास्त झोपतात आणि मग आकडा हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. हे कर्जफेडीसारखंच दिसतं.

पण २०१५ मधला एक फ्रेंच प्रयोग मला अडवतो. १४ निरोगी पुरुष होते आणि प्रत्येकाने दोन्ही प्रकार करून पाहिले. एकदा सहा रात्री नेहमीसारखं, म्हणजे सव्वाआठ तासांच्या आसपास अंथरुणात. एकदा सहा रात्री पावणेदहा तासांच्या आसपास. त्यानंतर अख्खी रात्र जागरण. जास्त झोपलेल्या खेपेला लक्ष कमी उडालं आणि नकळत लागणाऱ्या डुलक्याही कमी होत्या. सव्वाआठ तास ही काही उपाशी माणसाची झोप नव्हे.

अभय_द (शुक्रवार, दुपारी ३.१०)

सव्वाआठ तास अंथरुणात म्हणजे झोप त्याहून कमीच. तरुण माणसाला तेवढीही अपुरी असू शकते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

भूलतज्ज्ञ (शुक्रवार, दुपारी ३.३०)

राहा. कर्ज म्हणा की ठेव, मेघनाने सोमवारी काय करायचं ते बदलत नाही.

वसुधा (शुक्रवार, रात्री ९.००)

माझे मिस्टर पोलीस खात्यात आहेत. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या मिरवणुकीचा बंदोबस्त असतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. त्याआधीचे दहा दिवसही सुट्टी नसते, रोज बारा-बारा तास उभं राहणं. आठवडाभर जास्त झोपायचं तर कधी? आमच्यासारख्यांना काही उपाय आहे का?

भूलतज्ज्ञ (शनिवार, सकाळी ७.३०)

वसुधाताई, गणपतीच्या दहा दिवसांत ते जमणार नाही. जमलं तर गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त. दहा दिवसांनंतर त्यातलं किती उरेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण प्रयोगांत झोप वाढवली आणि लगेच जागरण सुरू झालं.

त्यापेक्षा मिरवणुकीच्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी दीड तास झोप मिळाली तर ती जास्त कामाची. दुपारी एक ते तीनमध्ये शरीर तशीही झोप देतं. उठल्यावर अर्धा तास जडपणा राहतो, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच गजर लावायचा.

आणि एक विनंती. परत येताना त्यांना स्वतः मोटरसायकल चालवू देऊ नका. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची एकाच चाचणीवर तुलना केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरला होता आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादाच ०.०३ टक्के आहे. कितीही झोप साठवलेली असली तरी त्या परतीच्या रस्त्यावर ती पुरणार नाही.

वसुधा (शनिवार, सकाळी ८.१५)

मागच्या वर्षी ते सिग्नलला उभ्या गाडीवर डुलकी लागून पडले होते. पाय मुरगळला, एवढ्यावर निभावलं. या वेळी दीर घ्यायला जातील. आजच सांगते.

दर्यावर्दी (शनिवार, रात्री ११.२०)

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनीअर आहे, घर रत्नागिरीचं. आमच्या जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं. ज्याची ड्यूटी असेल त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. मेघनाताई, तुम्ही अलार्म वाजल्यावर मोडणाऱ्या झोपेचा हिशेब धरताय. माझा अनुभव असा की ज्या रात्री अलार्म एकदाही वाजत नाही, त्या रात्रीही झोप नीट लागत नाही. कान जागाच असतो. सकाळी घड्याळ सात तास दाखवतं आणि अंग चार तास झोपल्यासारखं असतं.

भूलतज्ज्ञ (रविवार, सकाळी ८.००)

दर्यावर्दी, हे तुमच्याच व्यवसायातल्या लोकांवर मोजलेलं आहे. १९८८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनीअरांच्या डोक्याला तारा लावून ऑन-कॉलच्या रात्री तपासल्या. गाढ झोप कमी होती, हृदयाचे ठोके वाढलेले होते आणि हा परिणाम पहिला अलार्म वाजायच्या आधीपासून दिसत होता. म्हणून मेघना, ऑन-कॉलच्या आठवड्यातही सव्वादहा ते सात हीच वेळ ठेवा. झोपेचा दर्जा पडणार आहे, निदान वेळ तरी हातची सोडू नका. फोन उशाशी नको. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पूर्ण आवाजावर आणि फक्त अलर्टच्या ॲपला परवानगी देऊन ठेवा, म्हणजे तो वाजलाय का हे बघायला मध्येच डोळे उघडणार नाहीत.

तुमच्या त्या सर्व्हरबद्दलही बोलायचं राहिलं. त्याला नुसती साचलेली तूट कारण नसावी. गाढ झोपेतून एकदम उठवलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं मेंदू पूर्ण सुरू झालेला नसतो. डोळे वाचतात, अर्थ लागत नाही. अपुरी झोप असेल तर ही धुंदी आणखी वाढते. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमानही सर्वांत खाली असतं. आधी जास्त झोपल्याने ही तीव्रता थोडी कमी होईल, नाहीशी होणार नाही. म्हणून पद्धत बदला. उठल्यावर दिवा लावायचा, उभं राहायचं, तोंडावर पाणी मारायचं. पहिली दहा मिनिटं फक्त वाचायचं. रीस्टार्ट, रोलबॅक किंवा काही पुसणारी आज्ञा द्यायच्या आधी सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि अलर्टमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवायचं. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये औषधाच्या ॲम्प्यूलवरचं नाव असंच मोठ्याने वाचतो.

मेघना_क (रविवार, रात्री ९.२०)

उद्या सुरू करते. नवऱ्याशी बोलले, डबा आणि बस आठवडाभर त्याच्याकडे. फोनवर ती आकड्याची चाचणीही घेतलीय. रोज सकाळी अकराला पाच मिनिटं करणार. गुरुवारपासून चार दिवस करून पाहिली, प्रत्येक वेळी चार-पाच उत्तरं अर्ध्या सेकंदापेक्षा उशिरा आली. मला वाटलं होतं एकही येणार नाही. मी स्वतःला ताजीतवानी समजत होते.

भूलतज्ज्ञ (रविवार, रात्री ९.५०)

फोनचा पडदा स्वतःच थोडा उशीर लावतो, त्यामुळे आकडा दुसऱ्या कुणाशी ताडून पाहू नका, स्वतःच्याच रोजच्या आकड्याशी ताडा. आणि तुम्हाला जे वाटलं ते सगळ्यांनाच वाटतं. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने लोकांना १४ रात्री सहा-सहा तासच झोपू दिलं. लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं, पण त्यांना वाटणारी झोपेची जाणीव काही दिवसांत वाढायची थांबली. 'मला सहा तासांची सवय आहे' हे वाक्य तिथूनच येतं.

ताळेबंद (सोमवार, दुपारी १२.१०)

मी सीए आहे. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत असते. आम्ही १० तारखेपासून रोज रात्री एक-दीडपर्यंत ऑफिसात असतो, म्हणजे तीन आठवडे. ऑगस्टच्या शेवटी आठवडाभर जास्त झोपलो तर ते ३० तारखेपर्यंत टिकेल का?

भूलतज्ज्ञ (सोमवार, रात्री ९.१५)

तीन आठवड्यांसाठी मी त्यावर विसंबणार नाही. जे मोजलंय ते एका आठवड्यापर्यंत. शिवाय तुमचं जागरण नेमकं कोणत्या दिवशी येईल हे ठरलेलं नाही, ते तुम्हीच रोज ठरवता. तुमच्या जागी मी पहिल्या दोन आठवड्यांत रोज सहा-साडेसहा तासांची झोप वाचवेन, मधला रविवार पूर्ण मोकळा ठेवेन आणि शेवटच्या तीन-चार दिवसांसाठीच जागरण राखून ठेवेन. मग त्या रविवारच्या आसपासच्या रात्री वाढवता येतील.

ताळेबंद (सोमवार, रात्री १०.३०)

क्लायंट कागदच २५ तारखेला देतात, डॉक्टर. बघतो काय जमतं ते.

मेघना_क (पंधरा दिवसांनी, सोमवार, रात्री ८.००)

आज सकाळी ९ ला ऑन-कॉल संपला. लिहीन म्हणाले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीच्या आठवड्यात सव्वाअकरापासून पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे येत शुक्रवारी सव्वादहाला पोचले. रोज सातला उठले. कागदावर हिशेब केला तर सात रात्रींत नेहमीपेक्षा सव्वातेरा तास जास्त अंथरुणात राहायचं होतं. तेवढं झालं नाही. मंगळवारी पाऊण तास झोपच लागली नाही, आदल्या दिवशी सहाला चहा घेतला होता म्हणून असेल असं आधी वाटलं, पण चहा त्याच दिवशीही पाचला झाला होता हे नंतर आठवलं. शनिवारी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, झोपायला बारा वाजले. रविवारी दुपारी दीड ते तीन झोपून घेतलं. मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे सगळं धरून जास्तीची झोप नऊ तासांच्या जवळपास झाली.

एक गोष्ट नोंदवते. पहिले तीन दिवस सातला गजर वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपले. शुक्रवारी पहिल्यांदाच गजराच्या आधी जाग आली.

चाचणीत उशिरा आलेली उत्तरं रविवारी एकावर आली. ऑन-कॉलमध्ये बुधवारची रात्र वाईट गेली, १.२०, २.५० आणि ४.३५ ला अलर्ट. गुरुवारी सकाळी तीन. शनिवारी परत दोन. मागच्या खेपेला मोजलं नव्हतं, त्यामुळे तेव्हाच्यापेक्षा किती बरं हे आकड्यात सांगता येणार नाही. २.५० च्या अलर्टला नाव मोठ्याने वाचलं, आणि नवरा जागा झाला.

अभय_द (सोमवार, रात्री ८.४०)

शुक्रवारी गजराआधी जाग आली, तिथे तुमची थकबाकी फिटली असं मी म्हणेन. त्यानंतरच्या दोन रात्रींनी काही वाढलं असेल का, शंका आहे.

भूलतज्ज्ञ (सोमवार, रात्री ९.१०)

असू शकेल. पण ती शनिवारची रात्र हुकली नसती तर आपल्याला थोडं जास्त कळलं असतं. मेघना, घड्याळाचे नऊ तास जरा कमीच धरा, निवांत पडून राहिलं तरी ते झोप समजतं. आता या आठवड्यात रोज आठ तास आणि चाचणी चालू ठेवा. किती दिवसांत परत एकवर येता ते बघायचंय.

मेघना_क (शुक्रवार, रात्री ९.३०)

मंगळवारी दोन, बुधवारी एक, काल एक, आज एक. मागच्या वेळी शुक्रवारपर्यंत डोकं जड होतं एवढं पक्कं आठवतंय. आता प्रश्न वेगळा आहे. डबा आणि बस परत माझ्याकडे आली आणि मी परत पावणेबारा-सव्वासहावर आले, तर महिन्याभरात परत चार-पाचवर जाणार ना? मग सहा आठवड्यांतून एकदा भरण्यापेक्षा रोज अर्धा तास कुठून काढायचा ते नवऱ्याबरोबर बसून ठरवतेय. सध्या मंगळवार आणि गुरुवारची सकाळ त्याने कायमची घेतलीय.

दर्यावर्दी (शनिवार, रात्री १२.४०)

पुढच्या महिन्यात जॉइन होतोय. पहिल्या आठवड्यात चार बंदरं आहेत. घरी असताना सात रात्री हे करून बघतो. पण विमानप्रवास आणि वेळेतला साडेतीन तासांचा फरक मध्ये येतो, त्याने जमवलेलं सगळं विस्कटेल का? डॉक्टर, सवडीने सांगा.